मथळ्यात न लिहिलेलं नाव

आमच्या ऑफिसात दोनच गोष्टींकडे तोंड करून बसता येतं. एक खिडकी, दुसरा पडदा. सहा वर्षं मी पडद्याकडे तोंड करून बसले आणि त्याची मला काडीची लाज नव्हती. हे आधीच सांगून टाकते, पुढे कुणी मला साळसूद समजायला नको.

पडदा म्हणजे भिंतीवरचा मोठा टीव्ही. आत्ता या क्षणी आमच्या वर्तमानपत्राच्या वेबसाइटवर किती माणसं वाचतायत, कुठली बातमी वाचतायत, तिच्यावर सरासरी किती वेळ थांबतायत, सगळं त्यावर दिसतं. वेळही नुसतं पान उघडं ठेवल्याचा धरत नाहीत. बोट हलत असेल, पान सरकत असेल, तेवढाच. म्हणजे फसवणूक नाही. पोर्ट हॅलम हे टास्मानियाच्या पूर्व किनाऱ्यावरचं पाच हजार वस्तीचं गाव. एरवी आमचा आकडा नव्वद, फार तर शंभर. फुटबॉलच्या पोरांनी कुठे मारामारी केली तर तीनशे. आकडा चढायला लागला की माझ्या अंगावर काटा यायचा. मी लिहिलेल्या एका ओळीपाशी तीनशे अनोळखी माणसं एकाच वेळी थांबलीयत, याची मला कधी सवयच झाली नाही. देवळात एकदम घंटा वाजाव्यात तसं व्हायचं.

त्या दिवशी गुड फ्रायडे होता. ऑफिसात मी एकटी. सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी आरोग्य खात्याचा ईमेल आला. टिलर्स बेच्या शिंपल्यांत विष सापडलंय. पाण्यातल्या बारीक शेवाळाचं विष, शिंपल्यांत साठतं. शिजवून जात नाही, गोठवून जात नाही. ओठ बधिर होतात, मग हातपाय, आणि फारच झालं तर श्वास. शिंपले काढू नका, खाऊ नका. खाडीवर पाटी लावायला माणूस होबार्टहून निघालाय, दुपारपर्यंत पोचेल.

मी पाच मिनिटांत बातमी लिहिली आणि दोन मथळे दिले. आमच्याकडे तशी सोय आहे. अर्ध्या वाचकांना एक मथळा दिसतो, अर्ध्यांना दुसरा. ज्याच्यावर जास्त क्लिक पडतील तो वीस-पंचवीस मिनिटांत आपोआप सगळ्यांना लागतो. पहिला मथळा होता, 'टिलर्स बेचे शिंपले विषारी, खाऊ नका'. दुसरा, 'ईस्टरला या लोकप्रिय खाडीवर जाताय? आधी हे वाचा'. खाडीचं नाव मी सहाव्या परिच्छेदात घातलं. नाव सापडेपर्यंत माणूस खाली सरकत राहतो आणि तेवढा वेळ पडद्यावर जमा होतो. ही युक्ती मला कुणी शिकवली नाही, पडद्यानेच शिकवली. जे केल्यावर आकडा चढतो ते माणूस पुन्हा करतो, शाळेत जावं लागत नाही.

दुसरा मथळा चौपटीने जिंकला. आठ वाजता तोच मथळा नोटिफिकेशन म्हणून नऊ हजार फोनांवर गेला.

मग जे झालं ते मी कधी पाहिलं नव्हतं. चारशे. अकराशे. चहा घेऊन येते तर दोन हजार दोनशे. सुट्टीचा दिवस, अख्खं राज्य कुठल्या ना कुठल्या खाडीवर निघालेलं, आणि प्रत्येकाला वाटतंय आपलीच खाडी. लॉन्सेस्टन, होबार्ट, बर्नी, पार मेलबर्नहून माणसं येत होती. सरासरी वेळ दोन मिनिटं दहा सेकंद. आम्हाला एक मिनिट मिळालं तरी आम्ही ऑफिसात गोड बनपाव वाटतो. मी खुर्चीतून उठून पडद्यासमोर उभी राहिले. अहो, हात जोडायचे बाकी होते.

साडेनऊला मेलबर्नहून इमोजनचा फोन आला. आमच्या मालकांची तीस वर्तमानपत्रं आहेत, त्या सगळ्यांच्या आकड्यांवर ही बाई नजर ठेवते.

"टॅम्झिन, तिसांत तुमचा पेपर पहिला. काय दिलंयस काय तू?"

"शिंपले," मी म्हटलं.

"मथळ्याला अजिबात हात लावू नकोस हं. चालत्या गाडीला खीळ घालायची नसते."

मी म्हटलं, छे, मी कशाला घालतेय.

सव्वादहाला डेस आला. डेस प्रिडल, आमचा सर्वांत जुना बातमीदार, वय त्रेसष्ट. नगरपालिकेच्या सभा आणि समुद्र, हे दोनच विषय. त्याच्या बातम्या चाळीस माणसं वाचतात. त्यावरून मी त्याला खूप छळलंय. त्या दिवशी त्याला सुट्टी होती, जाता जाता डोकावला.

"ये, ये. बघ जरा," मी पडद्याकडे बोट केलं. तीन हजार आठशे. "तुझ्या अख्ख्या नोकरीत एवढे वाचक झाले नसतील."

त्याने पडदा पाहिला. खिशातून चष्मा काढून मथळा वाचला. मग दुसऱ्यांदा वाचला.

"कुठली खाडी?"

"अरे, तेच तर. आत वाच."

"मी आत वाचेन गं. मला वाचायचा पगार मिळतो." तो खिडकीपाशी गेला. "ते आत वाचणारेत का?"

मी गेले. सांगते ना, सहा वर्षांत त्या खिडकीतून मी किती वेळा बाहेर पाहिलं असेल, बोटांवर मोजावं. खाली रस्ता, रस्त्यापलीकडे टिलर्स बे. भरपूर ओहोटी. काळे खडक लांबपर्यंत उघडे पडलेले आणि त्यांच्यावर माणसं. वाकलेली, बादल्या घेतलेली, पँटी गुडघ्यापर्यंत दुमडलेली. दोन कुटुंबं तर पोराबाळांसकट. गुड फ्रायडेला मांस खात नाहीत, म्हणून गावातली जुनी घरं या दिवशी शिंपले काढतात. पिढ्यान् पिढ्या काढतात. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही.

"तीस तरी असतील," डेस म्हणाला. "काखेत कळसा आणि गावाला वळसा, तशातली गत झाली तुझी. त्यांच्या खिशात तुझी बातमी आहे, टॅम. सकाळी वाजली असेल. वाचली आणि ठेवली परत. त्यांनी का उघडावी? त्यांच्या खाडीचं नावच नाही त्यात."

मी मागे वळून पडदा पाहिला. परत खिडकी पाहिली. चार हजार माणसं त्या क्षणी याच खडकांबद्दल वाचत होती. ज्यांचा त्या खडकांशी जन्मात संबंध येणार नाही अशी चार हजार. आणि खडकावर उभं असलेलं एकही माणूस त्यांत नव्हतं.

"मी खाली जातो," डेस म्हणाला. "पण ते टोकाचे लोक लांब आहेत, माझे गुडघे तिथवर जायचे नाहीत. तू काय ते कर, आणि लवकर कर." जिन्यावरून त्याचे पाय वाजत गेले.

मी बसले. मथळा खोडला. 'टिलर्स बेचे शिंपले विषारी. खाऊ नका. शिजवूनही विष जात नाही.' हेच नोटिफिकेशन, नऊ हजार फोनांना. बटण दाबताना इमोजनचा विचार मनात आला नाही असं म्हटलं तर खोटं होईल. आला आणि गेला.

पडद्यावरचा आकडा लगेच पडायला लागला. पडणारच. सगळं मथळ्यातच कळल्यावर आत कोण येतो? तीन हजार. दोन हजार चारशे. हिरवा बाण लाल झाला. नवं नोटिफिकेशन किती जणांनी उघडलं तेही दिसतं: सत्तावीस. नऊ हजारांत सत्तावीस. वर्षातला नीचांक.

मग मी खिडकीत आले.

टोकाच्या खडकावर निळ्या टोपीवाला एक माणूस सरळ झाला. हात पँटीला पुसून खिशातून फोन काढला. पाहिला. आणि बादली पालथी केली. तेवढंच. मग त्याने हात हलवून पलीकडच्या बाईला काहीतरी सांगितलं. तिने तिसऱ्याला. फोन न उघडता, एक क्लिक न करता, ती ओळ खडकावरून खडकावर चालत गेली. एकामागून एक पाठी सरळ होत होत्या, बादल्या उलटत होत्या, शिंपले पाण्यात पडताना उन्हात चमकत होते. एका आईने पोराच्या मुठी उघडून झटकल्या. डेस रेतीतून लंगडत हातवारे करत जात होता, पण त्याच्या आधीच किनारा रिकामा व्हायला लागला होता. माझ्यामागे भिंतीवर आकडा खाली खाली येत होता, सहाशे, चारशे, आणि समोर माणसं परत येत होती. माझ्या शब्दांनी माणसं वाकतात, थांबतात, हे मी रोज पाहत होते. ती वाचतात, हे आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते. आणि ते कुठल्याच आकड्यात दिसत नव्हतं.

डेस धापा टाकत वर आला. मी त्याला मिठी मारणार होते, पण त्याचा चेहरा बघून थांबले.

"आयरिस क्लेग नऊलाच घरी गेली म्हणे. भरली बादली घेऊन."

आयरिसबाई चर्चमागे राहतात, नवऱ्याबरोबर, वय एकोणऐंशी. फोन लावला, कुणी उचलेना. डेसच्या गाडीतून गेलो तेव्हा त्या स्वयंपाकघरात खुर्चीवर बसल्या होत्या. समोर ताटलीत रिकामी कवचं. ओठ आपले वाटत नाहीत म्हणाल्या, आणि बोटांना मुंग्या. नवरा वॉली पाण्याचा पेला घेऊन नुसताच उभा. त्याला शिंपले सोसत नाहीत, म्हणून त्याने खाल्ले नव्हते. त्यांना न्यायला हेलिकॉप्टर फुटबॉलच्या मैदानात उतरलं.

होबार्टच्या हॉस्पिटलात त्यांना दीड दिवस यंत्रावर श्वास दिला. या विषावर उतारा नाही. शरीर ते हळूहळू बाहेर टाकतं, तोवर श्वास चालू ठेवायचा, एवढंच डॉक्टरांच्या हातात. त्या वाचल्या. सोमवारी मी भेटायला गेले. रस्ताभर पाठ केलं होतं काय बोलायचं, पण दारात पाऊल टाकलं आणि सगळं विसरले.

"ये गं पोरी," आयरिसबाई म्हणाल्या. आवाज घोगरा, नळीमुळे. "वॉली म्हणतो तुम्ही दोघं धावत आलात म्हणून मी आहे."

"तसं नाहीये," मी म्हटलं. "आयरिसबाई, सकाळी आठला आमची बातमी आली होती तुमच्या फोनवर—"

"आली ना. वाचली की मी, वॉलीला मोठ्याने वाचून दाखवली. तुमची एकही बातमी मी चुकवत नाही." त्यांनी माझा हात थोपटला, जणू मलाच बरं नव्हतं. "लोकप्रिय खाडी लिहिलं होतंस तू. म्हटलं, मग आपली नाही, आत उघडायची कशाला. आपल्या इथे कोण येतंय, गावातल्या चार माणसांशिवाय."