गोळ्यांचाच रंग

आमचे हे घरं रंगवतात. क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या तेव्हाच नर्सताईंनी बजावलं होतं, "लघवी केशरी होईल, घाबरू नका. पण दारूचा थेंब नको. गोळ्यांनी लिव्हरवर आधीच ताण पडतो."

चौथ्या महिन्यात खोकला पळाला, अंग भरलं आणि ह्यांची जीभ दारूसाठी पुन्हा वळवळली. मला वास यायचा. मी भांडायचे, पण बाहेर झाकायचे. मग जेवण जाईना, मळमळ सुटेना. लघवी काळ्या चहासारखी झाली, तरी म्हणाले, "अगं, गोळ्यांचाच रंग."

आज उजेडात दाढी करून देताना हनुवटी उचलली. डोळे पिवळेजर्द!

"भिंतीवरची छटा लांबून ओळखता. हा कुठला रंग?"

आरशात पाहून त्यांनी तोंड पुसलं आणि चपला घातल्या.

दवाखान्यात नर्सताईंनी विचारलं, "दारू?" सवयीने मी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं. ह्यांनी माझा हात दाबला. "रोज."

"बरं झालं सांगितलंत. गोळ्या आजच थांबवू, रक्त तपासू. लिव्हर सावरलं की डॉक्टर एकेक गोळी परत सुरू करतील."

हे माझ्याकडे वळले. "परत फक्त गोळ्याच गं."