जागृतीच्या रजेचं कारण

जागृतीची रजा मंजूर झाली. तीन ते सोळा डिसेंबर, दोन्ही दिवस धरून चौदा दिवस, खाली मुख्याध्यापकांची सही आणि सहीवर गोल शिक्का. शिक्का पूर्ण उमटला होता. त्या शाळेच्या शिक्क्याची ख्याती पाहता ही गोष्ट रजेपेक्षा मोठी म्हणायची.

पण ते राहू द्या. असं काही झालंच नाही असं समजून पुढे चालू. जागृतीच्या बापानं, भिवा सुरवाडेनंही, नंतर तेच केलं, आणि त्याला ते जमलं नाही.

तर, भिवा पलंगावर मांडी घालून, पोळपाट उपडा घेऊन अर्ज लिहीत होता. परराज्यात, डिंडोलीच्या मजूरवस्तीतल्या एका खोलीच्या त्या घरात टेबल नव्हतं. लिहायचं काम निघालं की पोळपाट धुऊन पुसून दिला जाई. भिवा लूमखात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात, कारीगर. बावीस वर्षं तो माग चालवत आला होता, पण अर्ज असा कधी लिहिला नव्हता. खात्यात रजा तोंडीच मागायची असते.

"झालं काय?" बायकोनं, कवितानं, विचारलं. ती साडीवर टिकल्या चिकटवत होती आणि तिच्या कोपरालाही दोन चमकत होत्या.

"झालं. ऐक." भिवानं घसा साफ केला. "आदरणीय वर्गशिक्षिका मॅडम, इयत्ता सातवी ब. माझी मुलगी जागृती ही कुटुंबासोबत बुद्धगया, सारनाथ, कुशीनगर, लुंबिनी या ठिकाणी जाणार असल्याने तिला रजा द्यावी. तिच्या गैरहजेरीत तिच्या जागी बदली म्हणून माझा पुतण्या प्रज्ञेश बसेल. तो नववी पास असून सध्या रिकामा आहे. सातवीचं काम त्याला झेपेल. वागणूक चांगली."

कविताच्या हातातली टिकली तिथंच राहिली.

"शाळेत कोन बदली देतं हो?"

"जागा सांभाळावी लागते."

"तिचा बाक काय कोनी पळवून नेनार हाय?"

"दुसऱ्या बाकावर बसते ती," भिवा गंभीरपणे म्हणाला. "दुसऱ्या."

भिवाची यात चूक नव्हती. खात्यात गावी जायचं तर आपल्या मागांवर आपला माणूस उभा करून जायचा, हा नियम. बाप वारला तेव्हा तो घाईत बदली न देता गावी, बोदवडला गेला. अकराव्या दिवशी परतला तर त्याच्या आठ मागांवर एक ओडिया पोरगा उभा होता. पोरगा सज्जन होता, त्यानं भिवाला चहा पाजला. माग मात्र परत मिळाले नाहीत. दुसरं खातं शोधायला दीड महिना गेला. तेव्हापासून भिवा जगातल्या कुठल्याही जागेकडे बदलीच्या नजरेनं बघायचा. आताही यात्रेसाठी त्यानं आपल्या मागांवर मावसभाऊ ठरवून ठेवला होता. मुलीवर अन्याय कशाला?

अर्ज जागृतीच्या दप्तरातून गेला आणि संध्याकाळी तिच्या डायरीतून उत्तर आलं.

त्या घरात डायरी वाचायची एक पद्धत होती. भिवाची आई केशरबाई हिला अक्षर येत नव्हतं, पण शाळेनं नातीबद्दल काय म्हटलंय हे तिला रोज कळलंच पाहिजे. जागृती शाळेतून आली, पाय धुतले, की आजीसमोर उभी राहून डायरीचं पान मोठ्यानं वाचायची. काही लिहिलेलं नसेल तर केशरबाई म्हणायची, "कोरं पान बी वाच. तारीख तं असंन."

"बदलीची आवश्यकता नाही. पालकांनी भेटावे. वर्गशिक्षिका," जागृतीनं वाचलं. "पप्पा, मॅडम इतकी हसली ना, पानी प्यावं लागलं तिला. प्रज्ञेशदादाच्या वागणुकीवर तर अजून हसली."

"हासू दे," केशरबाई म्हणाली. "पन तू नाही आली तं मी बी नाही जात, सांगून ठेवते. तिथं पाट्या कोन वाचंन मले? हा? ह्याले दोन ओळी वाचाले अर्धा घंटा लागते."

 आईचे सुजलेले पाय भिवाला बसल्या जागेवरून दिसत होते.

दुसऱ्या दिवशी रात्रपाळी संपवून, डोक्यातले सुताचे तंतू झटकून तो शाळेत गेला. वर्गशिक्षिका रुपाली मॅडम तिशीतल्या होत्या. त्यांनी हसू आवरून त्याला खुर्ची दिली.

"बघा भाऊ, तीन दिवसांपर्यंतची रजा माझ्या हातात. त्यापुढे मुख्याध्यापक सर. अर्ज त्यांच्या नावे करा, 'वर्गशिक्षिका यांचेमार्फत' असं लिहा, मी बाजूला शिफारस लिहीन. वर तारीख. मुलीचं पूर्ण नाव, हजेरी क्रमांक, कुठपासून कुठपर्यंत, एकूण दिवस. मधले रविवार धरून. जन्माच्या दाखल्यात नाव जसं आहे तसंच. तिकिटाची झेरॉक्स. बुडालेला अभ्यास पालक भरून घेतील, ही ओळ. फोन नंबर. आणि सही, प्रवेशाच्या फॉर्मवर केली होती तशीच."

"ती तर घाईत केलेली."

"मग आजही घाईत करा."

भिवानं मान डोलावली. मॅडमनी पेनचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"अडचण कारणाची आहे. सत्र चालू असताना यात्रा, सहल असं सर मंजूर करत नाहीत. म्हणतील, दिवाळीची सुट्टी एकवीस दिवस होती, तेव्हा का नाही गेलात?"

"विहाराचं मंडळ नेतंय, मॅडम. चाळीस लोकं. तेव्हा एवढी तिकिटं मिळाली नाहीत. उधना स्टेशनावरून तीन तारखेची मिळाली."

"मला पटतं हो. नाव कुणी कापणार नाही तिचं, ती भीती काढा डोक्यातून. पण परवानगीशिवाय गेली तर पटावर गैरहजर लागेल आणि दहा तारखेच्या एकम कसोटीच्या पेपरात शून्य. मंजुरी असली की रजा लागते, आणि कसोटी ती आल्यावर मी परत घेते. एवढाच फरक. पण मुलगी पहिल्या पाचात आहे." त्या थांबल्या. "दुसरं काही कारण असेल, खरं असेल, तर ते लिहा."

दुसरं कारण होतं. ते भिवाच्या शर्टाच्या खिशात चार घड्या करून दोन महिने होतं. डॉक्टर म्हणाले होते, आईच्या दोन्ही किडन्या गेल्यात, मशीनवर ठेवण्यासारखं वय आणि हृदय नाही. सहा महिने धरा, कमीही असतील. कुठं न्यायचं असेल तर औषधं घेऊन आत्ताच न्या. हे भिवाला ठाऊक होतं आणि कविताला. केशरबाईला सांगितलं होतं, पायात पाणी झालंय. जागृतीला तेवढंही नाही. तिच्या पोटात गोष्ट राहत नसे आणि रात्री ती आजीच्या कुशीत झोपत असे.

"मॅडम, हे पोरीच्या हातनं नको," तो कागद उलगडत म्हणाला. "तिला माहीत नाही. आईलाही नाही."

मॅडमनी वाचला. टोपण लावायचं राहून गेलं.

"पाकिटात घालून चिकटवून द्या. मी स्वतः सरांना देते. वर्गात बोलणार नाही कुणी."

त्यांनी शब्द पाळला. हे सांगायला हवं, कारण या गोष्टीत दोषी माणूस शोधायला गेलं तर सापडत नाही. भिवानं पोळपाटावर दुसरा अर्ज लिहिला. सगळं त्यात होतं: हजेरी क्रमांक सतरा, दिवस चौदा, रविवार दोन. आणि एक ओळ: 'मुलीच्या आजीचा आजार गंभीर असून डॉक्टरांच्या मते कालावधी थोडा असल्याने.' ही ओळ लिहायला त्याला पाऊण तास लागला. मॅडमनी शिफारस केली. सरांनी वाचलं, चष्मा काढला, मंजूर लिहिलं आणि शिक्का स्वतःच्या हातानं, दाबून मारला. मग अर्ज ऑफिसात गेला. तिथल्या क्लार्कनं आवक क्रमांक टाकला आणि रीतीप्रमाणे हुकमाची नक्कल विद्यार्थिनीच्या डायरीत उतरवून दिली, म्हणजे पालकांना कळावं. त्या दिवशी मॅडम शिक्षकांच्या प्रशिक्षणाला गेल्या होत्या.

जागृती नाचत घरी आली. पाय धुतलेच नाहीत.

"आजी! मंजूर! ऐक, ऐक." ती समोर उभी राहिली. "कुमारी जागृती भिवा सुरवाडे, हजेरी क्रमांक सतरा, हिस आजीच्या गंभीर आजाराच्या कारणास्तव, विशेष बाब म्हणून..."

ती अडली. भिवा कामावर जायला डबा बांधत होता. त्याचा हात झाकणावर तसाच राहिला.

"कोनत्या आजीच्या?" केशरबाई काळजीनं म्हणाली. "तुह्या मायच्या मायच्या? अगं, पन ते बिचारी तं दोन वर्सं झाले गेली. कविता, शायेले सांगतलं नाही काय तुनं?"

कवितानं तोंड साडीकडे वळवलं. टिकली चिकटवल्याचा आवाज होत नाही, पण त्या वेळी तोही ऐकू आला असता.

केशरबाईनं सुनेकडे पाहिलं, मग मुलाकडे. मग आपल्या पायांकडे.

"पुढं वाच," ती म्हणाली.

"आजी..."

"वाच. अर्धं ठेवू नये."

जागृतीनं रडत, पण एकही अक्षर न गाळता तारखा वाचल्या, एकूण दिवस वाचले, सही वाचली.

"चांगलं लेहलं," केशरबाई म्हणाली. मग तिनं विचारलं, "भिवा, हे शायेत कोनाकोनाले माहीत हाय?"

"मॅडम. सर. एक क्लार्क."

"म्हंजे मले सोडून समद्याइले."

"माय, तुला त्रास नको म्हणून..."

"मले त्रास नाही झाला. मले इचारलं नाही, एवढंच." ती पलंगाच्या कडेला आली. "चाळीस लोकं जमा पैसे भरून चालले. मी गाडीत मेले तं त्याइची यात्रा कोन करंन? सारे माह्यापाशी बसतीन. कोनी गयेले उतरंन नाही. बाबासाहेबाइचं लेकरू हाय मी, दुसऱ्याच्या वाटंत आडवी नाही पडत."

"डॉक्टर नेऊ शकता म्हणालेत."

"डाक्टर मले म्हनला असता तं मीच त्याच्याशी भांडून गेले असते रे. आता तुह्या तोंडून आयकून कसं जाऊ?" मग नातीला म्हणाली, "दहा तारखेले पेपर हाय ना तुहा? दे. रडू नको, अक्षर खराब होते."

भिवानं दोन दिवस समजावलं. विहारातले लोक येऊन बसले. केशरबाईनं सगळ्यांना चहा दिला आणि कुशीनगरला आपल्या नावानं एक फूल वाहायला सांगितलं. तीन तारखेला गाडी गेली, छत्तीस माणसं घेऊन.

चार तारखेला भिवा रात्रपाळीवरून आला. घरात आई भिंतीकडे तोंड करून झोपली होती, की झोपल्यासारखी पडली होती. जागृती शाळेत होती. पटावर तिची रजा लागलेली आणि ती स्वतः दुसऱ्या बाकावर. मॅडमनी निरोप पाठवला होता की हजर राहायचं असेल तर तसं लेखी द्या. भिवानं पोळपाट धुतला, पुसला, मांडीवर उपडा घेतला आणि या वेळी कुणालाही वाचून न दाखवता लिहिलं:

मा. मुख्याध्यापक साहेब,
वर्गशिक्षिका यांचेमार्फत.

विषय: मंजूर रजा रद्द करणेबाबत.

महोदय, वरील विषयास अनुसरून अर्ज करतो की, माझी मुलगी कु. जागृती, इयत्ता सातवी ब, हजेरी क्रमांक सतरा, हिला चौदा दिवसांची रजा मंजूर झाली होती. सदर रजेची आता गरज राहिलेली नाही. मुलगी रोज हजर राहील व दहा तारखेची कसोटी देईल. तरी सदर रजा रद्द करावी, तसेच रजेच्या अर्जात जे कारण नमूद केले आहे तेही रद्द करण्यात यावे, ही नम्र विनंती.