बॅच सातचं मीठ

सकाळी अकराला मेल आला आणि माझं डोकंच फिरलं. पुण्याच्या एका गिऱ्हाइकाच्या घरी आमच्या कोकम आगळाची बाटली फसफसून फुटली होती. कुणाला लागलं नाही, एवढंच नशीब. विक्री साइटवाल्यांनी विचारलं होतं, हे का झालं ते अठ्ठेचाळीस तासांत कळवा, नाहीतर खातं बंद. खातं बंद म्हणजे आमचा सगळा धंदा बंद. आरे-वारेच्या रस्त्यावरच्या टपरीत बसून वर्षभराचा आगळ खपत नाही.

"ऑर्डर कुठून गेली, वहिनी?" माझा दीर संदेश म्हणाला.

"भिवंडीहून. त्यांच्याच गोदामातून."

"मग सुटलो! त्यांनी ठेवली, त्यांनी भरली, त्यांनीच पोचवली. पत्र्याखाली तापवली असेल मेल्यांनी. त्यांच्यावर ढकल."

मलाही तेच हवं होतं. काही ऑर्डरी मी घरून पॅक करून कुरिअरने पाठवते, बाकीचा माल त्यांच्या गोदामात पडून असतो आणि तिथूनच जातो. गोदामात आमच्या अजून दोनशे चाळीस बाटल्या होत्या. मी तावातावाने मदत क्रमांकावर फोन लावला.

पलीकडचा मुलगा शांत होता, त्याचाच जास्त राग आला. "मॅडम, उशीर झाला, खोका चेपला, आमच्याकडे बाटली तडकली, तर जबाबदारी आमची. आत काय भरलंय ते मात्र तुमचं, माल कुठूनही गेला तरी. गोदामातल्या उष्णतेने बिघडलं म्हणत असाल, तर त्याच बॅचची तुमच्याकडची बाटली चांगली आहे हे दाखवा."

दाखवते की, म्हटलं. माझ्या सासूबाई, यमुनाबाई, प्रत्येक बॅचमधली एक बाटली माजघरातल्या अंधाऱ्या फडताळात ठेवतात. बॅच सातची बाटली मी काढली, संदेशने व्हिडिओ सुरू केला. झाकण जेमतेम सैल केलं, तोच फस्सकन आवाज झाला आणि लाल फेस माझ्या मनगटावरून ओघळला. आंबूस वास सुटला.

ही बाटली ना भिवंडीला गेली होती, ना उन्हात.

सासूबाई दारात उभ्या होत्या. "मी तेव्हाच सांगत हुते. मीठ कमी केलास तर आगळ टिकायचा नाय."

त्या सांगत होत्या, हे खरंच होतं. दोन गिऱ्हाइकांनी 'फार खारट' असं लिहिलं आणि मी अक्षय्य तृतीयेनंतरच्या या बॅच सातला तिसरा हिस्सा मीठ कमी घालायला लावलं होतं. वर सासूबाईंनाच ऐकवलं होतं, की आता लोकांची चव बदललीये. मला लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संदेशने व्हिडिओ पुसला. "कोणी बघितलाय? बॅच पाचची बाटली चांगली आहे. लेबल बदलू नि तीच दाखवू."

तो वाईट नाही. मुंबईची नोकरी सोडून या धंद्यासाठी घरी आलाय, भीती त्यालाही होती. खरं सांगते, लेबलांचा गठ्ठा मी हातातही घेतला होता.

मग शेजारची कुरिअरच्या पावत्यांची वही दिसली. बॅच सातच्या चौदा बाटल्या मी स्वतः घरून पाठवल्या होत्या. काचेच्या. त्यातल्या तेरा पोचल्या होत्या, कुणाच्या ओट्यावर, कुणाच्या फ्रिजवर फसफसत बसल्या असतील. चौदावी नाशिकला, आज पोचणार होती. गोदामातल्या बाटल्या साइटवाले थांबवतील. या चौदांना थांबवणारं माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

"भावोजी, लेबलं ठेवा," मी म्हटलं.

मी खरं ते लिहिलं. मीठ आम्ही कमी केलं, आगळ आंबला, बॅच सातची एकही बाटली विकू नका. पाच मिनिटांत उत्तर आलं. आगळाची विक्री बंद, खात्याची तपासणी सुरू, गोदामातला माल नष्ट करायचा, खर्च विक्रेत्याचा. संदेश उठून मागच्या अंगणात निघून गेला.

मी पहिला नंबर नाशिकचा लावला. एका बाईने उचलला.

"आगळ ना? आत्ताच आलाय. मुलगा खोका उघडतोय."

"त्याला बाजूला घ्या!" मी ओरडलेच. "आधी त्याला लांब करा, ताई. बाटलीला हात लावू नका. वर जाड टॉवेल टाका, दार ओढून घ्या."

फोन आपटल्याचा आवाज आला. मुलाचं रडणं, मग दार. सासूबाईंनी माझा खांदा घट्ट धरला होता.

"झालं," बाई धापा टाकत म्हणाल्या. मग आवाज चढला. "हा काय प्रकार आहे? तक्रार कुणावर करू मी? साइटवर, का कुरिअरवर?"

"माझ्यावर," मी म्हटलं. "लिहून घ्या, नाव सांगते."