अर्धाच ऐकलेला रिपोर्ट

"जरा सरक की तिकडे. पंख्याखाली तिला बसू दे. तुझं काय, तुला आता..." सासूबाई पुटपुटल्या आणि पुढचं गिळून टाकलं.

थोरलीला गिळलेलंही ऐकू येई. तुला आता पंखा काय नि वारा काय, तुझं तर गेल्यातच जमा, असं ते होतं. ती सरकली. सोनोग्राफीच्या खोलीबाहेरच्या अरुंद बाकावर सरकायला जागा नव्हती, तरी सरकली. पंख्याखाली धाकटी बसली. सासूबाईंनी तिच्या पाठीशी स्वतःची पिशवी उशीसारखी लावली आणि लेकाला फर्मावलं, "पाणी विचार तिला." लेक, म्हणजे धाकटीचा नवरा, पाण्याची बाटली घेऊन असा उभा होता, जणू बाटली कोणाची आणि आपण कोणाचे हेच त्याला आठवत नव्हतं.

दोघी जावांना एकाच सुमाराला दिवस गेले, तेव्हा घराला कोण आनंद झाला होता. मग थोरलीच्या अंगावरून रक्त जाऊ लागलं. धाकटीला मात्र थेंबही नाही. सासूबाईंच्या वैद्यकशास्त्रात एवढा पुरावा पुरेसा होता. रक्त गेलं ती गेली, नाही गेलं ती तरली. त्या शास्त्राला ना डॉक्टर लागे, ना मशीन. तोंड तेवढं लागे, आणि ते सासूबाईंकडे भरपूर होतं.

तरी पंधरवड्यामागे दोघींना इथेच आणलं होतं. डॉक्टरीणबाई तुटक बोलायच्या, पण वाक्य अर्धं सोडायच्या नाहीत. थोरलीला त्या म्हणाल्या होत्या, "गर्भपिशवीची भिंत आणि गर्भाचं आवरण यांच्यामध्ये थोडं रक्त साकळलंय. पण बाळ आहे, ठोके चांगले आहेत. असं बऱ्याच जणींना होतं. बहुतेकदा ते रक्त जिरतं, किंवा तपकिरी होऊन बाहेर येतं. धोका थोडा वाढतो, म्हणून लक्ष ठेवायचं. जास्त रक्त गेलं, जोरात दुखलं, तर ताबडतोब या. अंथरुणाला खिळून राहायची गरज नाही."

आणि धाकटीला म्हणाल्या होत्या, "पिशवी दिसतेय, पण आत अजून गर्भ दिसत नाही. दिवस कमी असतील, तर पुढे दिसेल. नसतील, तर गर्भ धरलाच नाही किंवा अगदी सुरुवातीलाच थांबला, असं समजायचं. आज एका मापावर निकाल देणार नाही. दोन आठवड्यांनी पुन्हा बघू. आणि तसं निघालंच, तरी ते बहुतेकदा बीजाच्या जुळणीतच काहीतरी चुकल्यामुळे होतं. कोणी काही केलं म्हणून नाही."

दोन सरळ उत्तरं. घरी पोचेपर्यंत या माणसांनी दोन्हींचे दोन-दोन तुकडे केले आणि बरोबर चुकीचे तुकडे ठेवून घेतले. थोरलीचं 'रक्त साकळलंय' राहिलं, 'ठोके चांगले आहेत' रस्त्यात सांडलं. धाकटीचं 'पिशवी दिसतेय' आणि 'दिवस कमी असतील' राहिलं. बाकीचं कोणी ऐकलंच नव्हतं. सासूबाई एरवी भाजीवाल्याशी पैशा-पैशासाठी भांडणारी बाई, पण डॉक्टरीणबाईंकडून अर्धा माल घेऊन आनंदाने परतली!

मग थोरलीला आडवं पाडण्यात आलं. पाणी प्यायला उठली तरी, "उतरलीस खाली? अजून पुरलं नाही वाटतं?" धाकटीला मात्र ताजं दूध, तिच्यासाठी वेगळी उशी. तिच्या उलट्यांचा तर गौरवच होई. "उलट्या होतायत म्हणजे बाळ आहेच!" थोरलीने डॉक्टरीणबाईंना विचारलं होतं, तिला ठाऊक होतं की नुसती पिशवी वाढत असली तरी उलट्या होतात, टेस्टही पॉझिटिव्हच येते. आत कोणी असायलाच हवं असं नाही. पण ती सांगायला गेली असती तर 'जळते मेली' एवढंच उत्तर आलं असतं. म्हणून ती भिंतीकडे तोंड करून गप्प पडून राहिली. हे गप्प राहणं काही मोठेपणाचं नव्हतं, साधी भीती होती. तिचा नवरा नोकरीनिमित्त दूर. तो फोनवर एकच विचारी, "आई काय म्हणते?" आई म्हणायची ते म्हणत होतीच.

शिवाय तिला आणखी एक माहीत होतं. धाकटीने टेस्टची दोन रेघांची पट्टी तिला मोरीच्या दाराशी दाखवली होती, पहिल्या सोनोग्राफीच्या कितीतरी आधी. हसताना तिचे कान लाल झाले होते. एवढ्या दिवसांत ठोके दिसायलाच हवे होते. तेव्हा दिवस कमी कुठले? पण डॉक्टरीणबाईंनी पाळीची तारीख विचारली, तर सासूबाई मध्येच बोलल्या, "हिची पाळी मेली वेळेवर कधी येते!" आणि धाकटीचा नवरा, ज्याने ती पट्टी स्वतः विकत आणली होती, तो आपले बूट बघत बसला. शेळीसुद्धा एखाद्या वेळी बें करते. याचं तेही नाही!

नाव पुकारलं. आधी थोरली. डॉक्टरीणबाईंनी पडदा तिच्याकडे वळवला. "हे बघा, साकळलेलं रक्त आधीपेक्षा कमी झालंय. आणि हे हृदय." काळ्या-करड्या पसाऱ्यात एक ठिपका फडफडत होता, कोणाची परवानगी न घेता. थोरलीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिला आधी स्वतःचाच राग आला.

"रक्त अजून आहे ना पण?" सासूबाईंनी विचारलं.

"आहे. बाळही आहे."

"बघ, आहे म्हणतायत," सासूबाई लेकाकडे वळून म्हणाल्या. रक्त आहे, हेच त्यांनी उचललं होतं.

मग धाकटी. थोरली जायला निघाली, तर धाकटीने तिचा पदर पकडला. "ताई, थांब ना." थांबली.

डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ पाहिलं. इकडून मोजलं, तिकडून मोजलं. खोलीत एसीचा गारवा होता आणि सासूबाईंची बडबड.

"या मशीनला उशिरा दिसतं कधीकधी. आमच्या ओळखीत एकीला तर..."

"पिशवी वाढली आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"वाढलीय! ऐकलंस ना? वाढलीय म्हणतायत!" सासूबाईंनी हात जोडले. "थेंबभर रक्त नाही गेलं पोरीचं, मी म्हणतच होते."

"आजी, वाक्य पुरं होऊ द्या. रक्त गेलं नाही म्हणजे सगळं ठीक, असं नसतं. कधीकधी ते बऱ्याच दिवसांनी जातं. पिशवी वाढली आहे, आणि या मापाला आता..."

"दिवस कमी असतील तर?" धाकटीने विचारलं. तिचं तोंड छताकडे होतं. "ताई, दिवस कमी असतील ना?"

सासूबाई घाईने पुढे झाल्या. "असतीलच. तिची पाळी..."

"आई, गप्प बस."

आवाज इतका बारीक होता की क्षणभर कोणाचा ते कळलंच नाही. धाकटीचा नवरा बाटली खाली ठेवून बायकोच्या उशाशी आला होता. थोरलीला वाटलं, आता हाही अर्धंच बोलणार आणि पळ काढणार.

त्याने धाकटीच्या डोक्यावर हात ठेवला.

"दिवस कमी नाहीत गं. पट्टी मी आणली होती, मला माहीत आहे. पिशवीत बाळ नाही. मागच्या सोनोग्राफीतही नव्हतं, डॉक्टरीणबाईंचं मी पुरं ऐकलं होतं, आणि तुला सांगितलं नाही."