बंदीचा कायदा कोणत्या रकान्यात

उत्तरसूची लिहिणाऱ्यांनो, त्या बाईची बढती तुम्ही घालवलीत. आणि वर तुमचे हात स्वच्छ राहावेत म्हणून लाल पेन सरांच्या हातात दिलंत.

सर संध्याकाळच्या वर्गात व्यवसाय पर्यावरण शिकवायचे, म्हणजे धंद्यावर बाहेरून परिणाम करणारे घटक राजकीय, आर्थिक, सामाजिक, तांत्रिक, पर्यावरणीय, कायदेशीर अशा सहा रकान्यांत मांडायला. दिवसभर राबून आलेल्यांना पेंग येऊ नये म्हणून ते घोकून घ्यायचे, "बंदीची नुसती घोषणा असेल तर राजकीय. कायदा होऊन दंड लागू झाला की कायदेशीर. कचऱ्याने नाला तुंबला तर पर्यावरणीय. घटक कंपनीच्या दारात कोण बनून येतो ते बघा, मग रकाना निवडा."

परीक्षेत पिशव्यांच्या कारखान्याचा प्रसंग आला. व्याजदर वाढले, ते आर्थिक. गिऱ्हाईक घरून कापडी पिशवी आणू लागलं, ते सामाजिक. नवं कटिंग मशीन, ते तांत्रिक. इथवर सगळं सरळ होतं. पातळ पिशव्यांवर बंदीचा कायदा लागू झाला, हा घटक मात्र उत्तरसूचीत पर्यावरणीय रकान्यात बसवला होता.

तपासणीच्या हॉलमध्ये सरांसमोर एक बिननावाची उत्तरपत्रिका आली. 'कायदेशीर. कारण मशीनला सील निरीक्षकाने लावले, नाल्याने नाही.' सरांना मनातून हसू आलं. ते उठून मुख्य परीक्षकांकडे गेले.

"साहेब, हे उत्तर बरोबर आहे. सूचीच चुकलीय."

"अहो, तीनशे गठ्ठे पडलेत. तुम्ही एकटेच शहाणे का? सूचीप्रमाणे चला."

सर चालले. दोन गुणांच्या जागी शून्य दिलं आणि पान उलटलं. घरी जाऊन जेवलेसुद्धा नीट.

निकालानंतर सरांच्याच वर्गातली, खरोखरच्या पिशव्यांच्या कारखान्यात पॅकिंग करणारी ताई उत्तरपत्रिकेची प्रत घेऊन वर्गात आली. चाळीसला पास, तिला अडतीस. पास झाली असती तर ऑफिसात बसणार होती. आता सील लागलेल्या मशीनवरच्या बायकांबरोबर तिलाही घरी बसवलं होतं.

"फेरतपासणीत फक्त बेरीज बघतात म्हणे," ती म्हणाली. "सर, हे तुम्हीच शिकवलेलं ना? आमच्या डोळ्यांदेखत सील लागलं हो. कुठल्या दीडशहाण्याने शून्य दिलं असेल?"

सरांनी प्रत हातात घेतली. शून्याला शेपूट काढायची त्यांची खोड जुनी होती. फळ्यावर तिने ती दोन वर्षं पाहिली होती. पानावरच्या शून्यालाही तसंच शेपूट होतं.

"मी," ते म्हणाले.

ताईने प्रत परत घेतली, घडी घातली, पिशवीत ठेवली. दारापर्यंत गेली आणि वळली.

"सूचीवाल्यांचं राहू द्या सर. त्यांना माहीत नसेल. तुम्हाला तर उत्तर येत होतं. मग शून्य का दिलंत? सांगा, मी थांबलेय."