आठशे पासष्टवर अडलेला आकडा

सोमवारी दुपारी उष्णता मोजायच्या डबीवरचा आकडा आठशे पासष्टवर आला आणि तिथेच ठाण मांडून बसला. मंगळवारी दुपार झाली तरी हलेना. माझा नवरा सेबेरो आणि मी आळीपाळीने भट्टीच्या तोंडात कोळसा लोटत होतो, माझे हात खांद्यातून निखळायची वेळ आली होती, आणि मेली ती डबी आपली आठशे पासष्ट, आठशे सहासष्ट, परत आठशे पासष्ट.

डबी आमची नव्हे. ती आणली इंजिनियर बाईंनी. हिमेना त्यांचं नाव, समुद्रकाठच्या लिमाहून आलेल्या, वय माझ्या धाकट्या बहिणीएवढं. शहराच्या पाणीपुरवठ्याला गढूळ पाणी निवळायला चुना लागतो, आणि तो आमच्या भट्टीचा घ्यायचा की नाही हे ठरवायला त्यांना पाठवलेलं. त्यांनी एका मोठ्या दगडाला भोक पाडलं, त्याच्या पार पोटात तार खुपसली, भट्टीच्या बाजूच्या झरोक्यातून तो दगड आत ठेवला आणि तारेचं दुसरं टोक डबीला जोडलं. दगडाच्या पोटात नऊशे अंश झाले तरच चुना पक्का, नाहीतर अख्खी भट्टी नापास, असं त्यांच्या कागदावर लिहिलं होतं.

काराकोतो गावात आमच्या घरी चार पिढ्या चुना भाजतात. डबीला विचारून कोणी भाजला नव्हता. पण मला तोंड उघडायची सोय नव्हती. गावातल्या निम्म्या भट्ट्या थंड पडल्या होत्या. आमची नापास झाली असती, तर सेबेरो वर बर्फातल्या सोन्याच्या खाणीत जाणार होता. त्याने तसं सरळ सांगितलं होतं. त्याचा भाऊ तिथेच गेला होता दोन वर्षांपूर्वी, आणि दरड कोसळली तेव्हा त्याला बाहेर काढायलाही कोणी आत शिरलं नव्हतं. म्हणून मी मुकाट्याने कोळसा लोटत होते आणि मनातल्या मनात त्या डबीच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते.

माझे सासरे फोर्तुनातो, सगळा गाव त्यांना ताइता, म्हणजे बाबा, म्हणतो, बाकावर बसून कोकाची पानं चघळत होते. त्यांचं एकच पालुपद. दगड अजून धापा टाकतोय, त्याला घाई करू नका. बाईंना ते ऐकून राग आला. आधीच त्यांना आमची डोंगरावरची हवा लागली होती, दोन दिवस डोकं धरून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या की तुम्ही कोळशात हात आखडता घेताय, आग कमी पडतेय. मी कोळशाची रास दाखवली. होती तिची पाव उरली होती. त्यावर त्या जरा वरमल्या, पण म्हणाल्या की संध्याकाळी गाडी येईल, तोवर नऊशे झाले नाहीत तर मला नापास लिहावं लागेल.

हे ऐकल्यावर सेबेरोने फावडं ठेवलं आणि माझ्याकडे न बघता भिंतीला टेकून उभा राहिला.

दुपारी मी बटाटे उकडायला ठेवले. जेवायचं कोणाच्याच मनात नव्हतं, पण हात रिकामे ठेवले असते तर मी कोणाच्या तरी अंगावर धावून गेले असते. बाईंना तेवढ्यात वाटलं, डबीच बिघडली असेल. चांगली मुलगी हो, नापास लिहायला तिलाही जड जात होतं. त्यांनी दुसरी तार काढली आणि माझ्या खदखदत्या पातेल्यात सोडली. आकडा आला सत्त्याऐंशी.

"बघा, शंभर यायला हवे होते," त्या म्हणाल्या. "तेरा अंश कमी दाखवतेय."

मग त्यांनी बोटांवर हिशोब केला. आठशे पासष्टात तेरा मिळवले तरी आठशे अठ्ठ्याहत्तर. त्यांचा चेहरा पुन्हा पडला.

मला मात्र हसूच आलं. म्हटलं, "बाई, डबी बरोबर आहे. आमच्याकडे पाणी असंच उकळतं. लवकर उकळतं आणि बटाटे शिजायला अर्धा दिवस घेतं. खाली जंगल जाळा हवं तर, त्याच्यावर जायचं नाही."

आणि खोटं वाटू नये म्हणून मी चुलीत आणखी लाकडं कोंबली. पाणी उड्या मारायला लागलं, वाफेने झाकण खडखडलं, आकडा सत्त्याऐंशीच. बाई पातेल्याकडे बघत राहिल्या. मग मान वळवून भट्टीकडे बघितलं. मग परत पातेल्याकडे. मला वाटलं, हवा फारच लागली बिचारीला.

"मी लिमाचा आकडा घेऊन आले," त्या हळूच म्हणाल्या. "गाढव आहे मी."

मग पेन्सिल काढून त्यांनी आकडेमोड केली आणि आम्हाला समजावलं. चुन्याच्या दगडात वायू कोंडलेला असतो. दगड तापेल तसा तो वायू बाहेर रेटा देतो, आणि वरून हवा त्याला दाबून धरते. वायूचा रेटा हवेच्या दाबाला भारी पडला की दगड फुटायला लागतो, एकीकडे चुना, दुसरीकडे वायू. समुद्रकाठी हवा जड, तिला हरवायला नऊशेच्या जवळ जावं लागतं. इथे पावणेचार हजार मीटरवर हवा पातळ, तिचं ओझं तिथल्यापेक्षा एक तृतीयांशाहूनही जास्त कमी. त्यांची पेन्सिल थांबली आठशे पासष्टच्या आसपास. दगड कालपासून वायू सोडतोय, आपली सगळी आग त्यातच खर्च होतेय, म्हणून आकडा हलत नाही. पाणी उकळतं तसंच.

"वायू संपला की आकडा आपोआप चढेल," त्या म्हणाल्या.

"मी दुसरं काय सांगत होतो?" ताइता म्हणाले आणि पान थुंकले.

उरलेला कोळसा आम्ही जपून घातला. ऊन कलायला लागलं तेव्हा डबीवर आठशे सदुसष्ट दिसलं. मी कोणाला सांगितलं नाही, दृष्ट लागेल म्हणून. मग एकाहत्तर. मग शहात्तर. तिथे कोळसा संपला. नऊशेला ती डबी शेवटपर्यंत पोचली नाही.

ताइतांनी लांब लोखंडी आकडीने झरोक्यातून तोच दगड ओढून काढला. केवढा मोठा, पण उचलला तर हलका, जवळजवळ निम्म्या वजनाचा. निवल्यावर सेबेरोने तो फोडला. बाईंनी अगदी गाभ्यावर आम्लाचे थेंब टाकले आणि कान जवळ नेला. कच्चा दगड फसफसतो. हा गप्प राहिला. मग मी वर पाणी ओतलं, आणि दगड फुसफुसला, तडकला, फुगला, वाफा सोडत पांढऱ्या पिठासारखा ढासळला. ताइतांनी त्यात काठी फिरवून गाठ शोधली. एकही नव्हती.

गाडी आली तेव्हा बाई अजून लिहीत होत्या. कागदावरचा नऊशेचा आकडा त्यांनी खोडला, शेजारी उंची आणि नवा आकडा लिहिला, सही केली आणि खाली 'पास' लिहिलं. जाताना माझ्या गळ्यात पडल्या. मी त्यांना अर्धेकच्चे बटाटे बांधून दिले, दुसरं होतं काय घरात.

सेबेरो पुन्हा भिंतीला टेकून उभा होता. मी जवळ गेले तेव्हा म्हणाला, "मग उद्यापासून पुढच्या भट्टीचा दगड फोडायला घेऊ?"

"घे," मी म्हटलं. "आज झोप."

तो तिथेच पोत्यांवर आडवा झाला आणि लगेच घोरायला लागला. दोन दिवसांची राख त्याच्या भुवयांवर तशीच होती. एरवी त्याच्या घोरण्यावर मी किती बोलते त्याला. त्या दिवशी शेजारी बसून सगळं ऐकलं.