कोऱ्या पट्टीची मखमल

"पिवळा, पण कसला पिवळा? टोकदार की पसरट?" भाचीने आतल्या खोलीतून ओरडून विचारलं. तिच्या एका हातात काचेची बारीक नळी होती आणि दुसऱ्या हाताने ती तराजूचं झाकण सरकवत होती.

"टोकदार," बाहेरच्या खोलीतून मावशी म्हणाली. "बासरीचा वरचा सूर. वाजला की संपला."

"समजलं."

बाहेर मावशीसमोर बसलेले साबणवाले एकदा दाराकडे पाहत होते, एकदा मावशीकडे. साबण विकता विकता त्यांचे केस पांढरे झाले होते, पण वासाला सूर असतो हे त्यांना आज कळत होतं.

मावशीला सगळा गाव नाकवाल्या बाई म्हणायचा. पाहुणा फाटकाशी उभा राहिला की तो कुठल्या वाटेने आला, वाटेत कुणाशी बोलला आणि त्या बोलण्याचं भांडण झालं का, हे ती खुर्चीतून न उठता सांगायची. भांडणाला वास असतो का, असं कुणी विचारलं तर म्हणायची, "हरलेल्याच्या अंगाला असतो." खरंखोटं करायला कुणी जात नसे. तिच्या नाकाशी वाद घालून आपलंच काहीतरी उघडं पडायचं, ही भीती.

पण आता नाक शाबूत असलं तरी हात थरथरत होता. नेम धरलेला थेंब भलत्याच भांड्यात पडायचा, आणि अत्तराच्या धंद्यात एक थेंब म्हणजे अख्खी वरात चुकीच्या मांडवात. म्हणून बाटल्यांच्या उतरंडीपुढची खुर्ची तिने सोडायची ठरवली होती. साबणवाल्यांचं काम भाचीने एकटीने पुरं केलं तर खुर्ची तिची. नाही जमलं तर मावशी आपल्या जुन्या शिष्याला परत बोलावणार होती. तसं तिने भाचीला तोंडावर सांगितलं होतं. मावशी वासाला चौदा विशेषणं लावी, माणसांना एकही नाही.

"गिऱ्हाईक बाटली घेऊन येत नाही, शब्द घेऊन येतं," हे तिचं आवडतं वाक्य. म्हणून या घरात काम दाराआडून चाले. एकीने बाहेर बसून गिऱ्हाइकाच्या पोटातला वास शब्दांत काढायचा, दुसरीने आत बसून त्या शब्दांचा वास करायचा. आणि नियम एकच : वास कुणाचा आहे ते सांगायचं नाही. गुलाबासारखा, मातीसारखा असं म्हटलं की खेळ बाद.

साबणवाले आल्या आल्या म्हणाले होते, "मला स्वच्छ वास हवाय."

"स्वच्छ म्हणजे?"

"म्हणजे... घाण नाही असा."

"मग पाणी विका."

साबणवाले ओशाळले. मावशीला त्यांची दया आली असावी, कारण तिने आवाज जरा खाली आणला.

"तुमचा दोष नाही हो. लाल म्हटलं की लाल. रक्ताचा की कुंकवाचा असं विचारावं लागत नाही. वासाचं तसं नाही. त्याला स्वतःचं नावच नाही, मालकाचं नाव लावून हिंडतो बिचारा. गुलाबाचा वास, रॉकेलचा वास. आता आपल्याकडे खमंग आहे, कुबट आहे, आंबूस आहे, उग्र आहे. पण तुमचा साबण खमंग निघाला तर लोक तो खातील."

"पण मला वास आठवतोय ना अगदी! इथे आहे," साबणवाल्यांनी कपाळाऐवजी छातीवर हात ठेवला.

"तिथेच असणार. वास नाकातून आधी आठवणीकडे पळतो. शब्द मागून धापा टाकत येतात, तोवर हा घरात शिरून दार लावून बसलेला. म्हणून आपण त्याला डोळ्यांचे, कानांचे, बोटांचे शब्द उसने द्यायचे. बोला. रंग काय?"

"पांढरा."

"दुधाचा पांढरा की बर्फाचा?"

साबणवाल्यांनी डोळे मिटले. "बर्फाचा. किंचित निळा."

"हात लावला तर?"

"धुतलेल्या काचेवर ओलं बोट घासतात ना... तसा आवाजही येतो, बाई! कुर्र कुर्र."

"आत ऐकू आलं का गं?" मावशी ओरडली.

"आलं!" भाची हसत होती. काच कुरकुरली की हात कुठे न्यायचा हे तिला पाठ होतं. आल्डिहाइड या रसायनांच्या बाटल्या. एकटे हुंगले तर मेणचट, नुकत्या विझवलेल्या मेणबत्तीसारखे. पण पातळ करून दोन थेंब सोडले की सगळा वास इस्त्री केल्यासारखा ताठ उभा राहतो. त्यांच्यावर तो टोकदार पिवळा. मध्ये साबणवाल्यांनी "पातळ हिरवा, कापलेल्या कडेचा" मागितला, तो तिने नखभर घातला. त्यांना आता चेव चढला होता. वास वरून त्रिकोणी आहे आणि खाली येता येता गोल होतो, असं ते हवेत हातांनी काढून दाखवत होते.

"आणि शेवटी?"

"शेवटी कोरड्या जाड टॉवेलात तोंड खुपसावं तसं. आणि मग बाहेर काढूच नये."

"मऊ, गोल, खर्जातला," मावशीने आत कळवलं. "मखमल!"

भाचीने तपकिरी झाकणाची बाटली उचलली, नेहमीइतकी मोजली आणि मिसळली. तिचा हात जराही अडखळला नाही. अडखळायला काहीतरी जाणवावं लागतं.

शिकायला आली त्या वर्षापासून मावशी तिच्यापुढे अत्तरात बुडवलेल्या कागदाच्या पट्ट्या धरायची आणि रंग-पोत विचारायची. भाची एकेक ओळखायची : हा खरखरीत, हा ओला, हा पितळेचा. आणि एका पट्टीला वासच नसायचा. कोरा कागद. पहिल्यांदा मावशीने स्वतःच सांगितलं, "ही मखमल. कारखान्यातली कस्तुरी." तेव्हापासून ज्या पट्टीला वास येत नाही ती मखमल, असं तिने मनात पक्कं केलं. उत्तर कधी चुकलं नाही. शाबासकीही प्रत्येक वेळी मिळाली.

भाचीने पट्ट्या बाहेर आणल्या. स्पिरिट उडून जाईपर्यंत सगळे थांबले. मग साबणवाल्यांनी हुंगलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"काच! ही काच. हा हिरवा. अहो, कमाल आहे!"

मावशीने भाचीकडे पाहून भुवई जरा वर केली. तिच्याकडून एवढं मिळालं की शिकायला येणाऱ्या बायका आठवडाभर मिरवत. मग तिने चहा सांगितला, इकडचं तिकडचं बोलणं झालं. वरचे सूर उडून तळ उघडा पडावा म्हणून ती वेळ काढत होती. चहा संपल्यावर साबणवाल्यांनी पट्टी पुन्हा नाकाशी नेली. हलवली. पुन्हा नेली.

"टॉवेल कुठाय?"

"हा काय," मावशीने आपली पट्टी हुंगली. "चांगला जाडजूड आहे."

"मला नाही लागत. काचेवरून बोट घसरलं आणि खाली काहीच नाही. धाडकन."

"काहीच नाही कसं? नाक चोंदलंय तुमचं. बाहीचा वास घ्या, नाक ताजं होईल."

साबणवाल्यांनी निमूट बाही हुंगली आणि पुन्हा पट्टी. मान हलवली. मावशीने ओठ घट्ट मिटले. साबण विकणाऱ्याच्या नाकावर विश्वास ठेवायचा की आपल्या, एवढाच प्रश्न तिच्यापुढे होता, आणि त्याचं उत्तर तिच्यालेखी ठरलेलं होतं.

"सांग गं यांना. आहे ना मखमल?"

भाची दारात उभी होती. हो म्हटलं की खुर्ची. साबणवाले बिचारे मान खाली घालून, आपलंच नाक फुटकं समजून घरी गेले असते. तिने त्यांच्या हातातली पट्टी घेतली, मन लावून हुंगली.

"नाही मावशी. खाली काहीच नाही."

"अगं, तूच घातलीस ना?"

"घातली. पण ती मला कधीच येत नाही. ज्या पट्टीला काही वास नाही ती मखमल, असं मी ओळखायचे."

मावशी तिच्याकडे बघत राहिली.

"आणि मी शाबासकी द्यायचे!"

"मोठ्याने."

"शहाणे!" मावशीने कपाळावर हात मारला. पण तिचं डोकं मारल्या हाताखालीही चालू होतं. "कण मोठा असतो तिचा. एकेकाच्या नाकाला तेवढं दारच नसतं, असं ऐकलं होतं. माझ्याच घरात निघेल असं वाटलं नव्हतं." मग ती साबणवाल्यांकडे वळली. "आणि तुम्हीही त्यातलेच. तुमच्यासारख्या किती लोकांना तुम्ही कोरा कागद विकला असता कुणास ठाऊक."

"मी करते," भाची म्हणाली आणि उत्तराची वाट न बघता आत गेली.

तिने मागच्या रांगेतली निळ्या झाकणाची बाटली काढली. हीदेखील कारखान्यातली कस्तुरीच, पण कण वेगळ्या ठेवणीचा. मावशीने ती कधी वापरली नव्हती. भाची मात्र अधूनमधून उघडून मनगटाला लावायची. तपकिरी तिने तशीच राहू दिली, ज्यांना येते त्यांच्यासाठी. तिच्या जोडीला ही घातली.

साबणवाल्यांनी नवी पट्टी हुंगली, हलवली, पुन्हा हुंगली. त्यांचे खांदे हळूहळू खाली उतरले, आणि ते पट्टीवरून नाक काढेनात.

"हा," शेवटी ते म्हणाले. "हा टॉवेल."

काम पक्कं झालं. ते पट्टी खिशात घालून गेले आणि फाटकापाशी थांबून त्यांनी ती पुन्हा काढून हुंगली, हे खिडकीतून दोघींनी पाहिलं. मग भाची आत जाऊन उतरंडीपुढच्या खुर्चीत बसली.

उरलेली पट्टी मावशीने आता उचलली. तपकिरीत निळी अशी मिसळली होती की तिला वेगळी लागेना. तिने हुंगलं, थांबली. मग उठून आत गेली, निळ्या झाकणाची बाटली उघडली आणि तिच्यात कोरी पट्टी बुडवली. हुंगली. खिडकीशी जाऊन मोकळा श्वास घेतला. पुन्हा हुंगली. भाचीने पाहिलं : मावशीच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. हरलेल्या पाहुण्याच्या अंगाचा वास ओळखणारी बाई हातातल्या कागदाकडे नुसती बघत होती. तिच्यालेखी तो कोरा होता.

भाची खुर्चीतून उठायला लागली.

"बस तिथेच," मावशी म्हणाली. ती बाहेर गेली, गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली आणि तिने दार निम्मं लोटून घेतलं. थोड्या वेळाने पलीकडून आवाज आला.

"रंग सांग."

भाचीने पट्टी नाकाशी धरली. "सायीचा. नाही... सायीखालचा."

"आकार?"

"कडा नाहीत. उशीवरून डोकं उचललं की मागे खळगा राहतो, तसा. अजून गरम."

"आवाज?"

"शेजारच्या खोलीत कुणीतरी गुणगुणतंय. शब्द कळत नाहीत."

"चाल कळते?"

"कळते."

"मग जास्त झालाय," मावशी म्हणाली. "चालही कळता कामा नये. घरात कुणीतरी आहे, एवढंच कळावं."

भाचीने पुन्हा सगळं मोजलं. निळीचा थेंब पातळ केला, मिसळला, नवी पट्टी बुडवली, आणि वरचं सगळं उडून जाईपर्यंत थांबली. मग हुंगलं.

घरात कुणीतरी होतं.